जून महिन्याच्या बिलांचे नंबर: सुटलेले कुठले आणि नुसते चुकीचे वाचलेले कुठले

२ जुलै २०२५, बुधवार

दिंडोरी रोडच्या पाईप-फिटिंगवाल्या काकांचं जूनचं काम हातात घेतलं. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं रिटर्न, भरायचं आहे आणि नेहमीप्रमाणे सगळी बिलं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर आलीत, एकूण ११२ फोटो. काकांकडे कॉम्प्युटर बिलिंग नाही, छापील बिलबुकं आहेत, एका बुकात ५० बिलं, प्रत्येक बिलाच्या तीन प्रती. पांढरी गिऱ्हाईकाला, गुलाबी ट्रान्सपोर्ट असेल तर त्याला, नाहीतर बुकातच, पिवळी कायम बुकात राहते. फोटो पिवळ्या प्रतीचे काढतात.

मे महिना ३१८ नंबरवर संपला होता (मागच्या रिटर्नच्या टेबल १३ मध्ये तेच टाकलंय) म्हणजे जून ३१९ पासून सुरू व्हायला हवा. या महिन्यात एक नवीन गोष्ट आहे, म्हसरूळच्या गोडाऊनवरूनही बिलं फाडायला लागलेत आणि त्यांना छापून आलेल्या गठ्ठ्यातलंच पुढचं बुक दिलंय, ४०१ ते ४५०. दुकानावर ७ नंबरचं बुक संपवून ८ नंबरचं, म्हणजे ३५१ ते ४००, चालू आहे. हे आधीच लिहून ठेवतोय कारण पुढची निम्मी डोकेदुखी यातूनच येणार.

टेबल १३ म्हणजे महिन्यात कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं फाडली, त्यातली रद्द किती, उरली किती, हा तक्ता. मे २०२५ पासून तो भरणं पोर्टलवर सक्तीचं झालंय. पण खरं सांगायचं तर सक्ती नसती तरी मी ही तपासणी केली असती, कारण काकांचं बरंच गिऱ्हाईक रिटेलचं, जीएसटी नंबर नसलेलं. बी-टू-बी बिल राहिलं तर समोरची पार्टी पुढच्या महिन्यात फोन करून ओरडते की आमच्या खरेदीच्या टू-बी स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, आमचं क्रेडिट अडकलं. रिटेलचं बिल राहिलं तर कुणीच ओरडत नाही, ते रिटर्नमध्ये रेटप्रमाणे एकत्र रकमेत जातं, वेगळं दिसतच नाही. ते पकडायला नंबरची साखळी सोडून दुसरं काही हातात नसतं.

३ जुलै, गुरुवार

फोटोतून नंबर वाचायचं काम. बिलाच्या वर उजव्या कोपऱ्यात लाल शाईत नंबर छापलेला असतो, तेवढाच तुकडा कापून टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला देतो, एकच ओळ आणि फक्त आकडे वाच असं सांगून:

```
tesseract no.png stdout --psm 7 -c tessedit_char_whitelist=0123456789
```

कापलेला फोटो तसाच रंगीत दिला तर वाचन बरंच चुकतं, कारण कार्बनची निळी अक्षरं लाल नंबरवर चढलेली असतात. म्हणून फोटोचा एकच रंग-चॅनेल घेतो. पांढऱ्या प्रतीला निळा चॅनेल उत्तम, निळी शाई फिकी पडते आणि लाल आकडे काळे उठतात. पण पिवळ्या प्रतीला निळा चॅनेल अजिबात चालत नाही, कारण पिवळा कागद निळ्या चॅनेलमध्ये स्वतःच काळा पडतो आणि लाल आकडा त्यात बुडून जातो. पिवळ्याला हिरवा चॅनेल घ्यायचा, कागद उजळ राहतो, आकडा काळा, निळी कार्बन थोडी राहते पण चालतं.

तारखा आणि रकमा मात्र मी बघून हातानं टाकल्या. काका मराठी आकड्यात लिहितात, घाईत लिहिलेला ४ इंग्रजी 8 सारखा आणि १ हा 9 सारखा दिसतो, तिथे मशीनवर सोडलं तर तारखाच खोट्या होतील, आणि पुढे नंबर तपासायला मला तारखांचाच आधार लागणार आहे.

११२ पैकी दोन फोटो डिलिव्हरी चलनाचे निघाले, ते बाजूला, त्यांची सिरीज वेगळी. आठ फोटो परत पाठवलेले, नंबर, तारीख, रक्कम तिन्ही सारखं, ते काढले. राहिल्या १०२ ओळी. इथे एक नियम पक्का ठेवलाय, नुसता नंबर सारखा आहे म्हणून ओळ उडवायची नाही. नंबर सारखा पण रक्कम किंवा तारीख वेगळी असेल तर ती ओळ ठेवायची आणि लाल करायची. अशा दोन जागा निघाल्या, ३३१ दोनदा आणि ४१७ दोनदा. शीटमधलं "रिमूव्ह डुप्लिकेट" बटण नंबरच्या कॉलमवर चालवलं असतं तर हे दोन्ही पुरावे तिथेच गेले असते.

४ जुलै, शुक्रवार

गॅप काढायचा पहिला सरळ मार्ग, सगळ्यात लहान नंबर ते सगळ्यात मोठा नंबर, मध्ये कोण नाही ते बघ. लहान आला २५, मोठा ४३५, आणि सुटलेल्यांची यादी ३११ ओळींची. सरांना दाखवली तर म्हणाले, "ही यादी काकांना पाठवलीस तर ते उद्यापासून फोटोच पाठवणार नाहीत." बरोबर आहे त्यांचं. यादी इतकी लांब असली की तिच्यातला खरा एक नंबर कुणाला दिसत नाही.

२५ हा उघडच अर्धवट वाचलेला आहे, जूनमध्ये २५ नंबर येईलच कुठून, तो एप्रिलमध्येच होऊन गेला. त्या एकट्यामुळे २६ ते ३१८ असे २९३ खोटे गॅप उभे राहिले. आणि ३९० ते ४०० हे ११ गॅप नाहीतच, गोडाऊनला पुढचं बुक दिलंय म्हणून मधली बिलं अजून कोरी आहेत.

म्हणून तपासणी महिन्याच्या हिशोबानं न करता बुकाच्या हिशोबानं करायची. प्रत्येक बुकाचा पहिला नंबर माहीत आहे, त्यातलं जूनमध्ये कुठून कुठवर वापरलं ते ठरवायचं आणि फक्त तेवढ्यात बघायचं. बी कॉलममध्ये वाचलेले नंबर (आकडे म्हणून, टेक्स्ट म्हणून नाही), आणि दुकानाच्या पट्ट्यासाठी:

```
=FILTER(SEQUENCE(71,1,319), COUNTIF(B:B, SEQUENCE(71,1,319))=0)
```

३१९ ते ३८९ असे ७१ नंबर, कारण दुकानाकडचा सगळ्यात मोठा ३८९ वाचला गेलाय. गोडाऊनसाठी तेच, ४०१ पासून ३५ नंबर.

आता सात उरले. दुकान: ३३२, ३४२, ३५९, ३६६. गोडाऊन: ४११, ४२५, ४२८.

नुसती बिलांची संख्या मोजून मेळ घालायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, शेवटचा वजा पहिला अधिक एक, तेवढी बिलं आली की झालं. ती इथे फसवते. एक बिल गायब असेल आणि दुसऱ्याचा नंबर चुकून दोनदा वाचला असेल तर बेरीज बरोबर येते आणि दोन्ही गोष्टी लपतात.

५ जुलै, शनिवार

आजचं मुख्य काम, आणि या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट. चुकीचा वाचलेला नंबर कधी एकटा येत नाही. ज्या बिलाचा नंबर चुकला ते बिल आपल्या जागेवरून उठलं म्हणजे तिथे गॅप पडतो, आणि जिथे जाऊन बसलं तिथे एक जादा होतो. जादा म्हणजे एकतर तो नंबर दोनदा दिसतो, नाहीतर पट्ट्याच्या बाहेर कुठेतरी विचित्र दिसतो. खरंच हरवलेल्या बिलाला असा जोडीदार नसतो, तिथे नुसती रिकामी जागा. म्हणून गॅपच्या यादीशेजारी जादांची यादी मांडायची आणि जोड्या लावायच्या.

जादा चार: २५, ३३१ (दुसरा), ३८९, ४१७ (दुसरा).

४१७ ची जोडी ४११ शी. एक ४१७ आहे १४ जूनचा, तो ४१६ (१३ जून) आणि ४१८ (१४ जून) यांच्यामध्ये नीट बसतो. दुसरा १० जूनचा, आणि ४१० आहे ९ जूनचा, ४१२ आहे १० जूनचा. म्हणजे तोच ४११. फोटो उघडला तर शेवटच्या १ च्या डोक्यावरून कार्बनची आडवी रेघ गेलीय, मशीनला तो ७ वाटला.

२५ ची जोडी ४२५ शी. फोटोत अंगठा नंबरच्या पहिल्या आकड्यावर. तारीख आणि गोडाऊनचा शिक्का दोन्ही जुळतात.

३८९ हा सगळ्यात फसवा आणि यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय. दुकानाचं शेवटचं बिल ३८८, ३० जूनचं. त्यापुढे ३८९ दिसला की कुणालाही वाटणार की चला, शेवटचं बिल ३८९. दोनदा आलेला नाही, पट्ट्याबाहेर पडलेला नाही, अगदी सभ्यपणे ओळीच्या टोकाला उभा. उलट मीच त्याच्यामुळे पट्टा ३८९ पर्यंत ताणला. सापडला तो तारखेमुळे. नंबरप्रमाणे लावलं की तारीख पुढे पुढेच जायला हवी, आणि इथे ३८८ ला ३० जून आणि ३८९ ला १७ जून. १७ जूनच्या आसपास बघितलं तर ३५८ आहे १७ चा, ३६० आहे १८ चा आणि मध्ये ३५९ नाही. फोटोत ५ चं पोट पुसट, वरचा भाग बंद झाल्यासारखा, ८ वाचला गेला. हे सुटलं असतं तर टेबल १३ मध्ये शेवटचा नंबर ३८९ गेला असता, आणि जुलैचं पहिलं बिल, जे खरोखर ३८९ असणार, ते पुढच्या महिन्यात दुबार म्हणून भांडत बसलं असतं.

त्यामुळे तारखेची तपासणी गॅप नसला तरी चालवायचीच. प्रत्येक ओळीत एकच प्रश्न, वरच्या बिलापेक्षा याची तारीख मागची आहे का. पण हीसुद्धा एका बुकाच्या आतच. दुकान आणि गोडाऊन एकत्र लावलं तर तारीख ३० जूनवरून परत २ जूनवर येते आणि उगाच लाल होतं.

राहिली ३३१ ची जोडी. जोडीदार ३३२, शेजारचाच. मला वाटलं पुन्हा वाचनाची चूक, पण दोन्ही फोटो मोठे करून बघितले तर दोन्हीकडे स्वच्छ ३३१ छापलंय. पार्ट्या वेगळ्या, रकमा वेगळ्या. म्हणजे फोटोचा दोष नाही, कागदावरच तसं आहे. जोडी लागली म्हणून डोळे झाकून "वाचन चूक" असा शेरा मारायचा नाही, प्रत्येक जोडीचा फोटो उघडून बघायचा, हे इथे पक्कं झालं.

बिनजोडीचे तीन: ३४२, ३६६, ४२८. यातला ४२८ लगेच सुटला, ४२७ च्या फोटोत खाली दुसरं बिल अर्धं दिसतंय, मी कोपरा एकदाच कापत असल्यामुळे खालचा नंबर वाचलाच गेला नव्हता. उद्या आषाढी, सोमवारी दुकानावर जाऊन बुकं प्रत्यक्ष बघतो.

७ जुलै, सोमवार

पंचवटीतल्या गर्दीतून दुकानावर पोचलो तोवर साडेअकरा. काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की बुकं काढून ठेवा.

३४२ मिळाला. तिन्ही प्रती बुकातच, वर आडव्या दोन रेघा आणि "रद्द". गिऱ्हाईकानं माल बदलला म्हणून नवीन बिल ३४३ फाडलं. काकांचं म्हणणं, "रद्द बिलाचा फोटो कशाला पाठवायचा?" त्यांना समजावलं की तोच तर पाठवायचा, रद्द झालेल्याचा आकडा टेबल १३ मध्ये वेगळा द्यावा लागतो, आणि तिन्ही प्रती बुकात आहेत हेच रद्द असल्याचं प्रमाण. एखादी पांढरी प्रत बाहेर गेली आणि आपण रद्द म्हटलं तर ते रद्द धरता येत नाही, ती परत आणून बुकाला जोडावी लागते.

३३१-३३२ चं कोडंही तिथेच सुटलं. बुकात ३३१ च्या खालचं बिल बघितलं तर गुलाबी प्रतीवर ३३२ आणि पिवळीवर ३३१. तिन्ही रंगांचे कागद प्रेसमध्ये वेगवेगळे छापले जातात, एखादा कागद खराब झाला तर तो मागाहून वेगळा काढतात आणि त्यावर नंबर हातानं लावतात, तिथे एक नंबर मागे लागला असणार. पार्टीकडून पांढऱ्या प्रतीचा फोटो मागवला, त्यावर ३३२ आहे. गिऱ्हाईकाच्या हातातलं बिल बरोबर म्हणजे मोठं काम वाचलं, वर्षभरात एका नंबरचं एकच बिल असा नियम आहे आणि दोन पार्ट्यांना खरोखर एकच नंबर गेला असता तर बिल परत मागवत बसावं लागलं असतं. पिवळ्या प्रतीवर ३३२ लिहून काकांची सही घेतली.

आता ३६६. बुकात ३६५ नंतर सरळ ३६७. नीट बघितलं तर छिद्रांच्या ओळीला तीन रंगांच्या चिंध्या राहिल्यात, पांढरी, गुलाबी, पिवळी, म्हणजे बुकात नंबर होता आणि तिन्ही प्रती फाडून नेल्यात. काकांना अजिबात आठवेना. पण ३६६ लिहिताना खाली पुठ्ठा घातलेला नव्हता असं दिसतंय, कारण ३६७ च्या गुलाबी प्रतीवर पेनाचा दाब उमटलाय. पान तिरकं धरून खिडकीजवळ नेलं तर खालच्या बाजूला बेरजेच्या जागी "२३६००" चा ठसा वाचता येत होता, आणि वर तारखेच्या जागी "२१".

२३,६०० म्हणजे २०,००० चा माल आणि १८ टक्के, पीव्हीसी पाईपला अगदी बरोबर बसतो तो आकडा. गोडाऊनच्या आवक-जावक वहीत २१ जूनला गंगापूर रोडच्या एका साईटवर पाईप गेल्याची नोंद आहे. गोडाऊनच्या पोराला फोन केला. दुकानातून माल न्यायला आलेली गाडी गोडाऊनवरून भरली, बिल दुकानाच्या बुकातलं, आणि साईटवर पैसे नंतर देतो म्हणाले म्हणून त्यानं तिन्ही प्रती एकत्र पिनअप करून गोडाऊनच्या क्लिपबोर्डला लावून ठेवल्या. संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला, नंबर ३६६, तारीख २१ जून, रक्कम २३,६००. पार्टीचा जीएसटी नंबर नाही, म्हणजे हे राहिलं असतं तर कुठूनच फोन आला नसता. टॅक्स १,८०० केंद्राचा आणि १,८०० राज्याचा. पैसे यायचे बाकी असले तरी माल गेला, बिल फाटलं, म्हणजे ते जूनमध्येच दाखवायचं. पोरानं काही लपवलं नव्हतं, त्याला वाटलं पैसे आल्यावर बिल धरतात, आणि असं वाटणारे खूप जण आहेत.

८ जुलै, मंगळवार

काल रात्री एक गोष्ट डोक्यात राहिली. गॅप नेहमी दोन नंबरांच्या मध्ये दिसतो. शेवटच्या फोटोनंतरची बिलं गायब असतील तर गॅपच पडत नाही, कारण पलीकडचं टोक आपल्याकडे नसतं. सुरुवातीचं टोक मागच्या महिन्याच्या ३१८ नं बांधलेलं आहे. शेवटचं उघडं आहे.

म्हणून दोन्हीकडे मेसेज टाकला की तुमच्या बुकातलं पहिलं कोरं बिल कुठलं होतं १ जुलैला, आणि जुलैच्या पहिल्या बिलाचा फोटो पाठवा. दुकान: जुलैचं पहिलं बिल ३८९, म्हणजे जून ३८८ ला संपला, पक्कं. गोडाऊन: जुलैचं पहिलं बिल ४३८. माझ्याकडे शेवटचा फोटो ४३५ चा. ३० जूनला संध्याकाळी ४३६ आणि ४३७ फाडली, फोटो राहिले. लगेच पाठवले, दोन्ही किरकोळ रकमेची.

मध्ये असा विचार केला होता की फोटोच्या नावावरूनच कळेल का. व्हॉट्सअॅपचे फोटो `IMG-20250630-WA0031.jpg` अशा नावानं सेव्ह होतात, शेवटचा आकडा त्या दिवसाचा चालता नंबर असतो. पण तो फोनवर आलेल्या-गेलेल्या सगळ्याच फोटोंना मिळून लागतो, त्यात गुड मॉर्निंगही आले, त्यामुळे तिथे मध्ये नंबर नसणं हे काहीच सांगत नाही. आणि ती तारीख फोटो आल्याची, बिलाची नाही. फक्त परत पाठवलेले फोटो शोधायला थोडा उपयोग.

९ जुलै, बुधवार

टेबल १३ ला बसवलं, दोन ओळीत:

३१९ ते ३८८, एकूण ७०, रद्द १, निव्वळ ६९.
४०१ ते ४३७, एकूण ३७, रद्द ०, निव्वळ ३७.

एकच ओळ ३१९ ते ४३७ अशी टाकली असती तर मधली १२ कोरी बिलं (३८९ ते ४००) रद्द दाखवावी लागली असती, आणि जुलैत तीच बिलं फाडली जाणार, मग काय उत्तर देणार. निव्वळ १०६ आणि विक्रीच्या रजिस्टरमध्येही १०६ ओळी, टॅली झालं. चलनांची नोंद त्यांच्या वेगळ्या ओळीत. सरांनी एकदा नजर टाकली, उद्या फाईल करणार.

१० जुलै, गुरुवार

फाईल झालं.

गोडाऊनसाठी वेगळी सिरीज करायचं काकांनी मान्य केलं. नियमात एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत हवा आणि अक्षरं, आकडे, आडवी रेघ व तिरकी रेघ एवढंच वापरायचं. `G/25-26/0001` असं ठरवलं, १२ अक्षरं होतात. पुढचा G मोठा आणि लाल नंबरपासून सुटा छापायला सांगितलाय, म्हणजे कोपरा कापताना तो आकड्यात मिसळणार नाही. ४३८ पासूनचं चालू बुक ४५० पर्यंत संपवायचं, मग नवीन.

प्रेसवाल्यांना सांगून ठेवलंय की बुकं बांधल्यावर तिन्ही रंगांचे नंबर एकदा पानोपान पडताळून द्या. आणि काकांच्या काऊंटरवर बुकाच्या आतल्या कव्हरला चिठ्ठी लावून आलो: रद्द बिलाचाही फोटो, अंगठा नंबरवर नको, एका फोटोत एकच बिल, आणि महिनाअखेरीला पहिल्या कोऱ्या बिलाचा फोटो. गोडाऊनच्या पोराला मात्र चिठ्ठीपेक्षा फोनवरच सांगितलं, पिवळी प्रत बुकातून फाडायचीच नाही, पैसे येवोत न येवोत.